डिशवॉशरमधून काचेचे ग्लास पांढुरके का निघतात? मीठ आणि रिन्स एड खरंच लागतं का?

मधुरा_वाकड (१२ मे)

डिशवॉशर घेऊन सात महिने झाले. कढया, कुकर, स्टीलची ताटं सगळं झकास निघतं, तक्रार फक्त काचेची. सरबताचे सहा ग्लास आहेत. आता ते असे दिसतात की कोणीतरी ताक पिऊन नुसता विसळून ठेवलाय. ओले असताना एकदम स्वच्छ, वाळले की पांढुरके. परवा पाहुण्यांना कोकम सरबत दिलं तर एकीने ग्लास उजेडात धरून पाहिला. काही बोलली नाही, पण पाहिला.

मशीन बसवायला आलेला मुलगा म्हणाला होता, "मॅडम, ऑल-इन-वन टॅब्लेटमध्ये मीठ पण असतं आणि रिन्स एड पण, वेगळं काही टाकायची गरज नाही." म्हणून मिठाचा कप्पा पहिल्या दिवसापासून रिकामा आहे. पॅनेलवर त्याचा दिवा पेटलेला असतो, आता त्याची सवय झाली. आमच्या सोसायटीत बोर आणि टँकरचं मिश्र पाणी येतं. डाळ शिजायला वेळ लागतो, त्यावरून जड असावं.

तर प्रश्न असा: मीठ आणि रिन्स एड घातलं तर फरक पडेल का, की विकायचे धंदे आहेत? आणि जे ग्लास खराब झाले ते परत चकचकीत होतात का?

निंबोणी

बाई गं, त्या पाहुणीला आधी स्टीलच्या पेल्यात सरबत द्यायचं. उजेडात धरून काय बघणार!

तात्या_कोथरूड

आमच्याकडे मावशी गेली अठरा वर्षं राखेने आणि आता पावडरने घासतात. एकही ग्लास पांढरा नाही. सत्तर हजारांचं यंत्र आणायचं आणि वर मीठ-मसाला भरत बसायचं, हे मला कळत नाही.

मधुरा_वाकड

तात्या, मावशी अठरा वर्षं टिकल्या हेच मला यंत्रापेक्षा मोठं नवल वाटतंय. इथे दर दोन महिन्यांनी नवीन.

अस्मिताके

पाणी जड असणार, नक्की. आमचंही तसंच. बाजारात टीडीएस मीटर मिळतं, पेनासारखं, ते पाण्यात बुडवा. आमच्या नळाला ६५० दाखवतं. ५०० च्या वर गेलं की ग्लास पांढरे होणारच. मी सरळ आरओचं पाणी मशीनला जोडायचा विचार करतेय.

पणजीची_पोर

माझा उपाय फुकटातला आहे. रिन्स एडच्या कप्प्यात मी व्हिनेगर घालते. आंबट असलं की क्षार जातात, हे आजीलाही माहीत होतं. पहिल्यांदा घरातलं माडाचं व्हिनेगर घातलं होतं, त्यामुळे मशीन उघडलं की दोन दिवस सोरपोतेलचा वास यायचा. आता साधं पांढरं घालते.

निंबोणी

सोरपोतेलच्या वासाचं डिशवॉशर! पत्ता द्या, राहायला येते.

बॉयलरकाका

मी बावीस वर्षं कारखान्यांमध्ये बॉयलरचं आणि लाँड्रीचं पाणी मऊ करायच्या प्लँटवर काम केलं. डिशवॉशरच्या पोटात तोच प्लँट असतो, डब्याएवढा केलेला. म्हणून लिहितो.

मधुरा, मीठ घालण्याआधी एक गोष्ट करा. काच पांढुरकी दिसण्याची दोन अगदी वेगळी कारणं असतात आणि दोन्हींवरचे उपाय एकमेकांच्या उलट आहेत. एकात काचेवर काहीतरी बसलेलं असतं. दुसऱ्यात काचेतलं काहीतरी निघून गेलेलं असतं. पहिलं निघतं. दुसरं कशानेही निघत नाही.

ओळखायचं कसं? सगळ्यात खराब ग्लास घ्या. वाडग्यात पांढरं व्हिनेगर घ्या, किंवा ढोकळ्यासाठी आणलेलं सायट्रिक ॲसिड असेल तर कपभर कोमट पाण्यात चमचाभर विरघळवा. ग्लास त्यात आडवा ठेवा, पण निम्माच बुडेल असा. पंधरा मिनिटांनी काढा, साध्या पाण्याने धुवा, पुसा आणि वाळू द्या. निम्मा बुडवायचा तो अशासाठी की एकाच ग्लासवर आधीचं आणि नंतरचं शेजारी शेजारी दिसतं. नाहीतर आपलं मन सांगतं, "हो, थोडा फरक वाटतोय."

बुडलेला भाग लख्ख झाला तर तो चुना आहे, पाण्यातला. काही फरक नाही पडला तर तोच भाग भांड्याच्या साबणाने गरम पाण्यात घासून बघा. त्याने गेला तर तेलाचा किंवा दुधाचा, पिठाचा थर होता, म्हणजे डिटर्जंट कमी पडतंय किंवा जाळी तुंबली आहे. त्यानेही नाही गेला तर काच झिजली.

अस्मिताके

आणि टीडीएसचं काय?

बॉयलरकाका

टीडीएस मीटर पाण्यात विरघळलेलं सगळं एकत्र मोजतं. त्यात साधं मीठही आलं, जे ग्लासवर दगड होऊन बसत नाही. आपल्याला हवं फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम. गंमत सांगतो: जड पाणी प्लँटमधून मऊ करून काढलं तरी टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, कारण कॅल्शियम जातं आणि त्याच्या जागी सोडियम येतं. गिऱ्हाइकं मीटर बुडवून आमच्याशी भांडायची, "तुमचा प्लँट चालतच नाही!" तुमच्या ६५० मध्ये जडपणा ४०० असेल किंवा १५० असेल, मीटर ते सांगू शकत नाही.

आरओचं पाणी मात्र मशीनला जोडू नका. दाब पुरत नाही, वेळेत पाणी भरलं नाही की मशीन चूक दाखवून थांबतं. शिवाय काचेच्या दृष्टीनेही ते बरं नाही. त्यावर कोणी विचारलं तर नंतर लिहितो.

दादरकर_शशी

काका, मीच विचारतो. आमच्याकडे उलटं आहे. मुंबईचं पाणी, तलावाचं, साबणाचा फेस जाता जात नाही. तरी दीड वर्षात वाइनचे ग्लास धुरकट झाले. कोणीतरी सांगितलं म्हणून मीठ भरभरून घातलं, सेटिंग सगळ्यात वर नेलं, रोज कढईवाला ७० अंशांचा प्रोग्राम. ग्लास अजूनच गेले. तिरके धरले तर पेट्रोल सांडल्यासारखे रंग दिसतात.

बॉयलरकाका

शशीसाहेब, ते रंग दिसतात ना, तीच झिजलेल्या काचेची खूण. व्हिनेगरची चाचणी करून बघाच, पण मला आशा कमी आहे.

डिशवॉशरचं डिटर्जंट बऱ्यापैकी अल्कधर्मी असतं. पाणी जड असेल तर त्याचा काही जोर कॅल्शियमशी झुंजण्यात खर्च होतो. पाणी आधीच मऊ असेल, वरून गरम असेल आणि डिटर्जंट पुरेपूर असेल, तर तो जोर काचेवर निघतो. काचेचा पृष्ठभाग हळूहळू विरघळतो. एका धुण्यात काही दिसत नाही, शंभर-दोनशे धुण्यांनंतर दिसतं. तुम्ही मऊ पाण्याला आणखी मऊ केलंत आणि वर रोज ७० अंश. सेटिंग शून्यावर आणा, मीठ बंद. ग्लासांसाठी ४०–४५ अंशांचा नाजूक प्रोग्राम असतो तो लावा आणि पूर्ण टॅब्लेटऐवजी पावडर कमी मापाने घाला. झालेले ग्लास परत येणार नाहीत, नवे वाचतील.

दादरकर_शशी

म्हणजे मीच माझे ग्लास उकळून मारले. बायकोला हा धागा दाखवणार नाही.

ओवी_न्यूजर्सी

इकडची वेगळीच गंमत. अमेरिकेतल्या बहुतेक मशीनमध्ये मिठाचा कप्पाच नसतो! आमच्यात नाही. इथे २०१० मध्ये बऱ्याच राज्यांनी डिशवॉशरच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंधन आणलं, कारण ते नदी-तळ्यात जाऊन शेवाळ वाढवतं. तेव्हा मी नवीनच आले होते आणि ऑफिसात सगळ्यांची एकच तक्रार, ग्लास एकदम पांढरे का व्हायला लागले? लोक मशीनच्या नावाने ओरडत होते, मशीन तेच होतं. आधी फॉस्फेट तो चुना पाण्यातच धरून ठेवायचं. तेव्हापासून मी रिन्स एड कधी संपू देत नाही आणि महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये सायट्रिक ॲसिड घालून फिरवते.

म्युनिकचा_श्रीरंग

युरोपातही २०१७ पासून फॉस्फेट जवळजवळ गेलंच. पण इथे मिठाची सवय जुनी आहे. आमच्या गावचं पाणी जड, चहाच्या किटलीत आठवड्यात खडू तयार होतो. पाणीखात्याच्या संकेतस्थळावर आपला भाग बघितला की जडपणा जर्मन अंशात कळतो. ८.४ च्या आत मऊ, १४ च्या वर जड. तो आकडा मशीनमध्ये घालायचा आणि विसरायचं.

तात्या_कोथरूड

पण मला एक सांगा, मीठ भांड्यांना लागत असेल तर स्टीलला गंज नाही चढणार? आणि ग्लास खारट?

बॉयलरकाका

तात्या, हा प्रश्न चांगला आहे, बहुतेकांचा गैरसमज इथेच होतो. मीठ भांड्यांना लागतच नाही. ते भांडी घासत नाही, पाणीही स्वतः मऊ करत नाही.

मशीनच्या तळाशी बारीक पिवळसर मण्यांचा एक डबा असतो, रेझिन म्हणतात. नळाचं पाणी आधी त्यातून जातं. मण्यांवर सोडियम बसलेलं असतं. पाण्यातलं कॅल्शियम आलं की मणी त्याला धरतात आणि सोडियम सोडून देतात. पुढे जातं ते मऊ पाणी. पण प्रत्येक मण्याच्या जागा मोजक्या. त्या भरल्या की पाणी जसं आलं तसं पुढे जातं. मग मशीन काय करतं, तर मिठाच्या कप्प्यातलं खारं पाणी त्या मण्यांवरून सोडतं. इतकं सोडियम एकदम आलं की कॅल्शियमला जागा सोडावी लागते, आणि ते सगळं गटारात. मणी पुन्हा कामाला तयार. म्हणजे मीठ मण्यांची सुटका करायला लागतं.

आता मधुराचा प्रश्न. टॅब्लेटमध्ये मीठ असतं असं त्या मुलाने सांगितलं. टॅब्लेट धुण्याच्या डब्यात विरघळते, मण्यांपर्यंत ती पोचतच नाही. तिच्यात कॅल्शियमला पाण्यात धरून ठेवणारी द्रव्यं असतात, तीच "मीठ" म्हणून विकली जातात. मध्यम पाण्याला ती पुरतात, बऱ्याच मशीनच्या पुस्तिकेत साधारण २१ जर्मन अंशांपर्यंत असं लिहिलेलं असतं. त्याच्या वर एकटी टॅब्लेट हरते. शिवाय शेवटच्या खळबळण्यात टॅब्लेट बरीचशी वाहून गेलेली असते, आणि ग्लासवर वाळतं ते शेवटचं पाणी.

अस्मिताके

काका, आमच्याकडे मीठ आहे हो. वर्षापूर्वी घातलं, अजून संपलं नाही. किती काटकसरी मशीन! तरी ग्लास पांढरे.

बॉयलरकाका

ती काटकसर नाही, तुमचं सेटिंग शून्यावर आहे. मशीनला पाणी जड आहे हे आपोआप कळत नाही (काही महागड्यांना कळतं). आपण आकडा सांगायचा, त्यावरून ते ठरवतं की किती पाण्यानंतर मणी धुवायचे. शून्य म्हणजे "पाणी मऊ आहे, धुऊच नको". मीठ कप्प्यात बसून राहणार, दिवाही लागणार नाही. जड पाण्यात मीठ संपायलाच हवं.

अस्मिताके

आत्ता पुस्तिका काढून बघितलं. शून्य. एक वर्ष मी त्या मशीनला शाबासकी देत होते.

मधुरा_वाकड (१४ मे)

चाचणी केली! निम्मा ग्लास सायट्रिक ॲसिडमध्ये. अक्षरशः रेघ मारल्यासारखं झालं, खाली लख्ख, वर ताक. नवऱ्याने फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

आता मीठ आणते. पण जडपणा मोजू कशाने? आपल्या महापालिकेच्या संकेतस्थळावर आमच्या टँकरचा आकडा कुठला मिळायला!

निंबोणी

माझा मुलगा मासे पाळतो. (खायचे नाहीत, बघायचे.) माशांच्या दुकानात एक बाटली मिळते, त्याने मी आमचं पाणी मोजलंय. परीक्षानळीत ५ मिली पाणी घ्यायचं, एकेक थेंब टाकत हलवायचं आणि मोजत राहायचं. आधी केशरी होतं, मग एका थेंबाला एकदम हिरवं. जितके थेंब तितके जर्मन अंश. बाटलीवर बघून घ्या, काहींचं माप वेगळं असतं.

बॉयलरकाका

निंबोणीताई, तुम्ही एवढा वेळ नुसती मस्करी करत होतात आणि खिशात हे होतं! अगदी बरोबर. एक जर्मन अंश म्हणजे लिटरला साधारण १८ मिलीग्रॅम, आपल्याकडचे अहवाल त्या मापात येतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० पर्यंत चांगलं आणि दुसरी सोय नसेल तर ६०० पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही ग्लासचं ताक करू शकतं.

मधुरा_वाकड (१७ मे)

२७ थेंब. दोनदा मोजले. दुसऱ्यांदा लेकीने मोजले, ती म्हणाली २६, पण ती एक विसरली असणार.

२७ गुणिले १८ म्हणजे ४८५ च्या आसपास. माझ्या पुस्तिकेतल्या तक्त्यात २२ ते ३० अंशांना H06 आहे. मशीन H04 वर होतं, पण मीठच नसल्यामुळे त्या आकड्याला काही अर्थ नव्हता. आता H06 केलं. आज रात्री मीठ भरते. काही काळजी घ्यायची का?

बॉयलरकाका

पहिल्यांदा भरताना कप्प्यात आधी साधारण लिटरभर पाणी ओता, फक्त पहिल्यांदा. मग नरसाळ्याने मीठ, दीड किलोच्या आसपास बसेल. पाणी बाहेर येईल, येऊ दे. झाकणाच्या आट्यांवरचे खडे पुसून झाकण घट्ट बंद करा आणि लगेच एक प्रोग्राम चालवा, सांडलेलं खारं पाणी रात्रभर तळाशी राहिलं तर स्टीललाही डाग पडतात. तात्यांची गंजाची शंका तेवढ्यापुरती खरी आहे. आणि त्या कप्प्यात चुकून डिटर्जंट पावडर घालू नका. मणी कायमचे जातात.

सात महिने मण्यांना मीठ मिळालेलं नाही, ते कॅल्शियमने गच्च आहेत. पहिल्याच धुण्यात चमत्कार होणार नाही, चार-पाच धुणी जाऊ द्या.

तात्या_कोथरूड

घरचं मीठ का नाही चालत? मीठ ते मीठ.

बॉयलरकाका

घरच्या मिठात आयोडीन असतं ते फार मोठं संकट नाही, पण ते मोकळं राहावं म्हणून जे मिसळलेलं असतं ते विरघळत नाही, आणि इतकं बारीक मीठ खाली दगडासारखं बसतं. मिठागराचं खडे मीठ त्याहून वाईट: त्यात माती आणि मॅग्नेशियम असतं, म्हणजे जे काढायचं तेच आपण घालतोय. सैंधवाचंही तेच. सॉफ्टनर प्लँटसाठी शुद्ध मिठाच्या वड्यांची पंचवीस किलोची गोणी मिळते, ती माझ्या मते फोडून घातली तर चालते.

म्युनिकचा_श्रीरंग

फोडलेल्या वडीचा चुरा बारीक होतो आणि मग तोच प्रश्न. मी मशीनचंच दाणेदार वापरीन. इथे स्वस्त आहे म्हणून बोलणं सोपं आहे, हे मान्य.

बॉयलरकाका

चाळून घ्यायचा. मी तीन वर्षं घालतोय. पण वॉरंटीत असेल तर श्रीरंगचं ऐका.

पणजीची_पोर

आणि माझं व्हिनेगर? त्याचं कोणीच काही बोललं नाही.

ओवी_न्यूजर्सी

मीही एक वर्ष घातलं होतं. चुना थोडा कमी झाला पण थेंबांचे डाग राहिलेच. आणि दुरुस्तीवाला म्हणाला, त्या कप्प्याचं रबर आंबटात सतत बुडून फुगतं. ते खरं की नवा भाग विकायला सांगितलं, माहीत नाही, पण मी थांबवलं.

बॉयलरकाका

रबराचं खरं आहे, मशीनगणिक कमीजास्त. पण मुख्य गोष्ट वेगळी. अळूच्या पानावर पाणी पडलं तर काय होतं? गोल थेंब होऊन बसतं. स्वच्छ मऊ पाण्यानेही धुतलेल्या काचेवर थोडंबहुत तसंच थेंब राहतात. थेंब वाळला की त्यात जे काही विरघळलेलं होतं ते त्या जागी कड्यासारखं उरतं. रिन्स एडमध्ये थोडं आम्ल असतं, ते पणजीच्या व्हिनेगरसारखं काम करतं. पण खरं काम करतो त्यातला न फेसाळणारा साबणासारखा पदार्थ. तो पाण्याला थेंब होऊच देत नाही, पाणी पातळ पडद्यासारखं पसरून खाली निघून जातं. मागे राहतंच कमी, म्हणून डाग कमी. व्हिनेगरमध्ये तो पदार्थ नाही.

मीठ नसताना नुसतं रिन्स एड घातलं तर डाग जरा कमी होतील, पण थर चढत राहील. आणि मीठ असून रिन्स एड नसेल तर पांढरा थर नाही, थेंबांच्या खुणा दिसतील. कप्प्यात एक ते सहा असं काहीतरी माप असतं. थेंब दिसले तर एक घर वाढवा, निळसर ओघळ किंवा चिकट वाटलं तर एक घर कमी करा. मधल्यावर सुरू करा.

पणजीची_पोर

बरं, व्हिनेगर सोरपोतेललाच.

मधुरा_वाकड (१८ मे)

काका, घोळ झाला! काल रात्री मीठ भरलं, प्रोग्राम लावला, सकाळी सगळ्याच भांड्यांवर पांढरी पूड. स्टीलवर सुद्धा! आधीपेक्षा दहापट वाईट. मशीन बिघडलं का?

बॉयलरकाका

ग्लास चाटून बघा.

मधुरा_वाकड

काय??

बॉयलरकाका

मस्करी नाही. चुन्याला चव नसते.

मधुरा_वाकड

नवऱ्याला चाटायला लावलं. खारट! झाकणात एक खडा अडकला होता, ते तिरकं बसलं होतं. पुसून घट्ट केलं, एकदा रिकामं फिरवलं. भांडी नळाखाली धरली तर लगेच निघालं. आता नवरा प्रत्येक ग्लास उजेडात धरून विचारतो, "चाटू का?"

निंबोणी

त्या पाहुणीला पुन्हा बोलवा.

मधुरा_वाकड (२ जून)

अहवाल देते. सहाही ग्लास आधी सायट्रिक ॲसिडमध्ये पूर्ण बुडवून स्वच्छ केले. मग मीठ, H06, रिन्स एड मधल्या मापावर, टॅब्लेट तीच. रोज एक धुणं. पहिले तीन-चार दिवस थोडं पांढरं दिसायचं, मग थांबलं. आता चार ग्लास दुकानातून आणल्यासारखे आहेत. मिठाचा दिवाही अजून लागलेला नाही.

पण उरलेले दोन नाहीच. पुन्हा बुडवले, घासले, काही नाही. हे दोन रोजच्या दुधाचे, जवळजवळ रोज मशीनमध्ये जाणारे. बाकीचे चार पाहुण्यांपुरते. तिरके धरले तर शशींनी लिहिलंय तसे किंचित रंग दिसतात. पण आमचं पाणी तर जड होतं, मग काच झिजली कशी?

दादरकर_शशी

क्लबात स्वागत.

बॉयलरकाका

इथे मी छातीठोक सांगणार नाही. जड पाण्यात काच सहसा लवकर झिजत नाही, पण सात महिने रोज म्हणजे दोनशे धुणी, आणि दुधाच्या ग्लासाबरोबर कढई असेल तर ७० अंश. होऊ शकतं. दुसरी शक्यता: आपल्याकडचा काळा पत्थर, त्यातल्या बोरच्या पाण्यात सिलिकाही असते. तिचा थर काचेवर बसला तर तोही आम्लाने निघत नाही आणि रंगही दाखवतो. दोन्हीतलं कोणतं हे घरी बसून मला सांगता येत नाही, आणि दोन्ही निघत नाहीत.

श्रावणी_एस

मी मधेच विचारते, प्लास्टिकचे डबे ओले निघतात त्याला मीठ वाढवायचं का?

म्युनिकचा_श्रीरंग

नाही हो. प्लास्टिक उष्णता धरत नाही, म्हणून वाळत नाही. रिन्स एडने थोडा फरक पडेल. प्रोग्राम संपल्यावर दार अर्धवट उघडं ठेवा. मिठाचा काही संबंध नाही.

तात्या_कोथरूड

मावशी गावी गेल्या आहेत, महिनाभर. सहज विचारतो, दोन माणसांना कुठलं मशीन पुरेल?

निंबोणी

तात्या!!!

मधुरा_वाकड (१९ जुलै)

धागा वर काढते. पाऊस सुरू झाल्यापासून सोसायटीला टँकर बंद, धरणाचं पाणी येतंय. काल डाळ दोन शिट्ट्या कमी घेऊन शिजली, म्हणून आठवण झाली आणि पुन्हा मोजलं. १० थेंब! तक्त्याप्रमाणे H02 केलं. काका, शशींसारखं व्हायला नको म्हणून आणखी काही?

बॉयलरकाका

H02 बरोबर. रोजच्या धुण्याला ७० सोडून ५० वर या, आणि टॅब्लेट मोठी वाटली तर पावडरचं बघा. टँकर परत सुरू झाला की बाटली काढा. बाटलीवरची मुदतही बघून ठेवा, जुन्या द्रावणाने थेंब चुकतात.

मधुरा_वाकड

मुदत मार्चपर्यंत आहे. आणि ते दोन ग्लास आता खिडकीत आहेत, मनीप्लांट लावलाय.